लिव्ह अँड लायसेन्स करार मुदतीआधी मोडायचा असेल तर: भाडेकरू आणि घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रात राहत्या घरांचे बहुतेक करार आज लिव्ह अँड लायसेन्सचे असतात. मुदत 11, 24 किंवा 36 महिन्यांची लिहिलेली असते आणि त्यात 6 किंवा 12 महिन्यांचा लॉक-इन असतो. भांडण मात्र मुदत संपताना फार कमी वेळा होतं, ते मध्येच कोणीतरी उठतो तेव्हा होतं. भाडेकरूला वाटतं डिपॉझिट बुडालं, मालकाला वाटतं उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं आपल्या हक्काचं आहे. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. खालची उत्तरं फक्त राहत्या घराच्या, महाराष्ट्रातल्या करारांबद्दल आहेत. दुकानं आणि ऑफिसांच्या करारांतली कलमं वेगळी असतात, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

### सगळे त्याला भाडेकरारच म्हणतात. मग लिव्ह अँड लायसेन्स म्हटल्याने काय फरक पडतो?

मध्येच करार मोडताना बराच फरक पडतो. भाडेपट्ट्यात घरातला एक हक्क ठरावीक काळासाठी भाडेकरूकडे जातो. लायसेन्समध्ये तसं होत नाही. मालक फक्त राहायची परवानगी देतो, जागेवरचा हक्क त्याच्याकडेच राहतो. ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 52 मध्ये आहे आणि पुढच्या कलमांत परवानगी कधी मागे घेता येते, मागे घेतल्यावर काय द्यावं लागतं, हे सांगितलंय.

तरीही हा पैसे घेऊन केलेला करार आहे, त्यामुळे भारतीय करार कायदा, 1872 त्यालाही लागू होतो. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ची दोन कलमं आहेत: मुदत संपल्यावर घर खाली करून घेण्याबद्दलचं 24 आणि करार लेखी व नोंदणीकृत असण्याबद्दलचं 55. हे तीन कायदे आणि तुमच्या हातातला कागद एकत्र वाचले की बहुतेक प्रश्नांची उत्तरं सापडतात.

बोलीत सगळे भाडेकरू आणि भाडंच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरलेत. करारात मात्र लायसेन्सी आणि लायसेन्स फी असं लिहिलेलं दिसेल.

### माझ्या करारात नेमकं काय शोधू?

दोन कलमं शोधा: एक लॉक-इनचं, दुसरं करार रद्द करण्याचं. ऑनलाइन नोंदणीच्या नेहमीच्या मसुद्यात ती बहुधा एकाखाली एक येतात, पण लोक एकच वाचतात आणि तिथेच चुकतात.

लॉक-इनच्या कलमाचा आशय साधारण असा असतो: इतके महिने मालक घर खाली करायला सांगणार नाही आणि भाडेकरूही स्वतःहून घर सोडणार नाही. भाडेकरूने कोणत्याही कारणाने सोडलं तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं त्याने द्यायचं. आणि मालकानेच घर खाली करायला लावलं तर भाडेकरूला झालेलं नुकसान आणि गैरसोय मालकाने भरून द्यायची.

इथली असमानता बघा. भाडेकरूने द्यायची रक्कम बोटांवर मोजता येते. मालकाने किती द्यायचं याचा आकडाच नाही, नुसतं ‘नुकसान आणि गैरसोय’. उद्या मालकाने तिसऱ्या महिन्यात घर मागितलं तर ट्रकचं भाडं, नव्या घराची दलाली, वाढीव भाडं हे सगळं भाडेकरूला पावत्या लावून सिद्ध करावं लागतं.

करार रद्द करण्याच्या कलमात उलटी असमानता असते आणि ती बऱ्याच मालकांच्या लक्षात येत नाही. भाडेकरूला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन घर सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. मालकाला मात्र भाडं थकलं, अटी मोडल्या अशी कारणं असतील तेव्हाच एक महिन्याच्या नोटिशीने करार रद्द करता येतो. ‘मला घर हवंय’ हे कारण त्या यादीत नसतं. हे सगळं लॉक-इनच्या अटीला धरून असतं, म्हणजे भाडेकरूची महिन्याची नोटीससुद्धा लॉक-इन संपल्यावरच खऱ्या अर्थाने मोकळी होते.

तुमच्या एजंटने मसुदा बदलला असेल तर शब्दही बदललेले असतील. म्हणून आधी स्वतःचा कागद वाचा.

### लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं द्यावंच लागतं का?

कलमात तसं लिहिलेलं असतं, पण कायदा त्या आकड्याकडे कमाल मर्यादा म्हणून बघतो. करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करार मोडल्यास द्यायची रक्कम आधी ठरवलेली असली तरी समोरच्याला वाजवी नुकसानभरपाईच मिळते आणि ती ठरलेल्या रकमेच्या वर जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे स्पष्ट केलं. 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात आणखी पुढचं सांगितलं: नुकसान मोजून सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करायलाच हवं. सिद्ध करणं अवघड किंवा अशक्य असेल तेव्हाच आधी ठरवलेल्या आकड्यावर जाता येतं, तेही तो आकडा नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर.

घर रिकामं राहिल्याचं नुकसान मोजता येतं. किती दिवस रिकामं होतं, नवा भाडेकरू कधी आला, किती भाड्याने आला, हे सगळं कागदावर असतं.

याला जोडून कलम 73 चं स्पष्टीकरण वाचायला हवं. नुकसान ठरवताना, ते कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते तेही धरले जातात. सोप्या भाषेत, भाडेकरू गेल्यावर मालकाने घराला कुलूप लावून सात महिने स्वस्थ बसायचं आणि सात महिन्यांचं भाडं मागायचं, हे चालत नाही. त्याने नवा भाडेकरू शोधायचा नेटाने प्रयत्न करायला हवा.

### आकड्यांत सांगा ना.

समजा कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. करार 1 जून 2025 पासून 24 महिन्यांचा, भाडं महिना 26,000, डिपॉझिट 80,000, लॉक-इन 12 महिने. भाडेकरूला हैदराबादची नोकरी मिळाली. त्याने 1 ऑक्टोबरला लेखी कळवलं आणि 31 ऑक्टोबरला किल्ल्या दिल्या. पाच महिने राहून झाले, लॉक-इनचे सात उरले.

मालकाने कलमावर बोट ठेवून हिशेब केला: सात महिन्यांचे 1,82,000. त्यातून डिपॉझिटचे 80,000 वजा केले आणि वर 1,02,000 मागितले.

आता घराचं पुढे काय झालं ते बघू. मालकाने दोन एजंटांना सांगितलं, 16 डिसेंबरला नवं कुटुंब राहायला आलं, भाडं ठरलं 25,000. म्हणजे घर दीड महिना रिकामं राहिलं, त्याचे 39,000. पुढचे साडेपाच महिने, लॉक-इन संपेपर्यंत, दरमहा 1,000 कमी मिळाले, त्याचे 5,500. एजंटला मालकाने अर्ध्या महिन्याची दलाली दिली, 12,500. बेरीज 57,000.

डिपॉझिट 80,000 असल्याने भाडेकरूचे 23,000 परत यायला हवेत. मालकाला वर काही मिळत नाही.

दलालीच्या 12,500 वर भाडेकरू वाद घालू शकतो. हा करार संपल्यावर नवा भाडेकरू शोधताना ती द्यावीच लागली असती, फक्त आता लवकर द्यावी लागली, हा त्याचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. मालक म्हणेल की तुमच्यामुळे दीड वर्ष आधी पदरचे गेले. अशा ठिकाणी अर्धी-अर्धी वाटणी करून मिटवलेलं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण एवढ्यासाठी वकील लावणं दोघांनाही परवडत नाही.

हाच हिशेब दोन्ही बाजूंना फिरू शकतो. मालकाने जाहिरात दिली, एजंट लावले, भाडं थोडं कमी करायची तयारी दाखवली आणि तरीही मे अखेरपर्यंत कोणी आलं नाही, तर 1,82,000 च्या जवळपासचा दावाही टिकू शकतो. उलट मालकाने नोव्हेंबरमध्येच भाच्याला तिथे राहायला आणलं, तर रिकामं घर म्हणून मागायला फारसं उरत नाही.

### माझी बदली झाली, त्यात माझा काय दोष? तरी भरपाई द्यायची?

हो. करार कायद्याच्या कलम 56 प्रमाणे करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो, पण बदली, नोकरी जाणं, लग्न ठरणं यांत तो अशक्य होत नाही, फक्त तुम्हाला गैरसोयीचा होतो. बदलीची सूट हवी असेल तर ती सहीच्या आधी करारात लिहून घ्यावी लागते.

घरच राहण्याजोगं उरलं नाही तर गोष्ट वेगळी. घर नष्ट झालं किंवा त्यात असा कायमचा बदल झाला की राहणंच शक्य नाही, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे लायसेन्स संपल्याचं धरलं जातं. तिथून पुढचं लॉक-इनचं भाडं मागता येत नाही.

### छत गळतंय, मालक दाद देत नाही. लॉक-इनमध्ये सोडू शकतो का?

दुरुस्तीची जबाबदारी करारात मालकावर असेल आणि गळती राहणं मुश्कील करण्याइतकी असेल, तर करार आधी त्याने मोडला असं म्हणता येतं. पण ते दाखवायला कागद लागतो. भिंतीचे तारखेसह फोटो, ई-मेल, दुरुस्तीसाठी दिलेली ठरावीक मुदत आणि ती उलटून गेल्यावरचं दुसरं पत्र. फोनवर दहा वेळा सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. किरकोळ ओल किंवा बिघडलेला गीझर एवढ्यावर लॉक-इन मोडू नका.

### मालकाला लॉक-इनमध्येच घर परत हवंय. भाडेकरूने निघावंच लागेल का?

हा प्रश्न थोडा सावकाश समजून घ्यायला हवा. लायसेन्स ही परवानगी असल्याने ती सहसा मागे घेता येते, हे सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 सांगतं. म्हणून भाडेपट्ट्यातल्या भाडेकरूसारखं ‘मुदत संपेपर्यंत ही जागा माझी’ असं लायसेन्सवरच्या माणसाला ठामपणे म्हणता येत नाही. पण परवानगी मागे घेता येणं वेगळं आणि करार मोडल्याची किंमत न देता सुटणं वेगळं.

त्याच कायद्याच्या कलम 64 मध्ये भाडेकरूचं संरक्षण आहे. मोबदला घेऊन दिलेल्या लायसेन्समध्ये, भाडेकरूची काही चूक नसताना आणि मुदतीचा पुरता उपभोग घेण्याआधी मालकाने त्याला बाहेर काढलं, तर भाडेकरूला मालकाकडून भरपाई मिळते. कलम 63 प्रमाणे निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळही मिळतो.

त्यामुळे मालक घर मागत असेल तर भाडेकरूने ‘निघणार नाही’ म्हणून अडून बसण्यापेक्षा खर्च मांडलेला चांगला: सामान हलवण्याचं कोटेशन, नव्या घराची दलाली, तसंच घर त्याच भागात जास्त भाड्याचं असेल तर लॉक-इन संपेपर्यंतचा फरक, इंटरनेट आणि गॅसजोडणी हलवण्याचा खर्च. हे लिहून द्या आणि डिपॉझिटसह किल्लीच्या दिवशीच मागा.

### मग लॉक-इन संपल्यावर तरी मालक महिन्याची नोटीस देऊन काढू शकतो का?

वर सांगितलेला नेहमीचा मसुदा असेल तर कारणाशिवाय नाही. 24 महिन्यांच्या करारात 12 महिन्यांचा लॉक-इन संपला, भाडं वेळेवर येतंय, काही तक्रार नाही, तर मालकाने 14व्या महिन्यात दिलेली नोटीस करारात बसत नाही आणि कलम 64 चा भरपाईचा प्रश्न उभा राहतो. ‘दोन्ही पक्षांना एक महिन्याच्या नोटिशीने करार रद्द करता येईल’ असं तुमच्या कागदावर लिहिलं असेल तर मात्र मालक मोकळा आहे. या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

### मालकाने घर विकलं तर?

भाडेकरूंना सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे मालकाने जागा दुसऱ्याला दिली की नवा मालक त्या लायसेन्सने बांधलेला नसतो. तुमचे 16 महिने शिल्लक असले तरी तो घर खाली करायला सांगू शकतो. तुमचा दावा जुन्या मालकावर राहतो, भरपाईचाही आणि डिपॉझिटचाही. म्हणून विक्रीची कुणकुण लागताच डिपॉझिट कोण परत करणार हे तिघांच्या सहीने लिहून घ्या. विक्री झाल्यावर जुना मालक नव्याकडे आणि नवा जुन्याकडे बोट दाखवतो, हे फार वेळा घडतं.

### मालकाने कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर?

मालकाची बाजू कितीही खरी असली तरी हे करता येत नाही. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या 1989 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहायचा हक्क उरला नसला तरी, मालक कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढू शकतो. तो खटला लायसेन्सवर असलेल्याचाच होता. अशा वेळी 112 वर कळवा, नोंदणीकृत करार दाखवा, घटनेची लेखी तक्रार द्या आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागायला लगेच वकील गाठा. उशीर केला की तेवढ्यात घरात दुसरं कोणी राहायला येतं.

### भाडेकरू भाडं देत नाही आणि निघतही नाही. मालकाने काय करायचं?

आधी करारातल्या कलमाप्रमाणे लेखी नोटीस. त्यात थकलेले महिने, रक्कम आणि करार रद्द होण्याची तारीख स्पष्ट लिहा.

त्यापुढचा मार्ग मुदतीवर अवलंबून आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 मालकासाठी जलद मार्ग देतं: लायसेन्सची मुदत संपूनही भाडेकरू राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. पण त्या कलमाची भाषा मुदत संपण्याची आहे. 36 महिन्यांचा करार आठव्या महिन्यात रद्द केला तर ‘मुदत संपली’ की नाही यावर भाडेकरूचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. म्हणून नोटीस द्यायच्या आधीच वकिलाला विचारा की सक्षम प्राधिकारी की लघुवाद न्यायालय. चुकीच्या दारात गेलात तर महिने वाया जातात. याच कारणाने मी मालकांना पहिल्यांदा येणाऱ्या भाडेकरूबरोबर 36 ऐवजी 11 महिन्यांचाच करार करायला सांगतो.

### डिपॉझिटमधून शेवटचे महिने वळते करून घेतले तर?

करारात तशी मुभा नसेल तर स्वतःच्या मनाने करू नका. भाडं थकलं की मालकाला करार रद्द करायचं कारण मिळतं, आणि ज्या भाडेकरूची बाजू भक्कम होती तोच कसूरदार ठरतो. मालकाला लिहून विचारा, ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलं की मग करा.

### माझ्या जागी मित्राला ठेवून गेलो तर लॉक-इन पुरा होईल का?

नाही. राहण्याचं लायसेन्स तुम्हाला दिलेलं असतं, ते परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. पण मित्राला मालकाकडे न्या, नवा करार करू द्या. मालकाने चांगला, त्याच भाड्याचा माणूस सबळ कारणाशिवाय नाकारला तर तो नकार जपून ठेवा. पुढे ‘घर रिकामं राहिलं’ म्हणायची त्याची बाजू त्याने लंगडी पडते.

### करार नोंदवलेलाच नाही, नुसता स्टँप पेपरवर आहे. लॉक-इन लागू होतो का?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा कागदावरच्या लॉक-इनच्या जोरावर मालकाने डिपॉझिट अडकवणं धोक्याचं आहे.

### घर सोडताना नेमकं काय करायचं?

नोटीस करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि सोबत ई-मेलने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपही करा, पण नुसत्या त्यावर राहू नका. नोटिशीत शेवटची तारीख लिहा आणि ‘त्या दिवसापासून घर दाखवायला मोकळं आहे’ हेही लिहा. त्या आधीच्या महिन्यात एजंट माणसं घेऊन आला तर घर दाखवू द्या. घर लवकर लागलं तर वाचणारे पैसे तुमचेच आहेत.

शेवटच्या दिवशी महावितरणच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि एक साधा ताबा-कागद: अमुक तारखेला, इतक्या किल्ल्या, घर रिकामं मिळालं, दोघांच्या सह्या. हा कागद नसला तर मालक पुढे म्हणू शकतो की ताबा दोन महिन्यांनी मिळाला. वापराने होणारी नेहमीची झीज, जसं भिंतीवरचे डाग किंवा पडद्यांच्या खिळ्यांची भोकं, बहुतेक करारांत भाडेकरूच्या माथी येत नाही. त्यामुळे रंगाचे पैसे कापले असतील तर ते कलम दाखवायला सांगा.

मालकाने डिपॉझिट दिलं नाही तर दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. वकिलाच्या एका नोटिशीत वरच्या कोथरूडच्या उदाहरणासारखा हिशेब मांडला की बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

### नवा करार करतोय. लॉक-इनचं कलम कसं लिहून घेऊ?

मालक आणि भाडेकरू दोघांनाही मान्य होईल असा एक मजकूर देतो. महिने आणि आकडे तुमच्या सोयीने बदला:

‘लॉक-इनच्या काळात भाडेकरूने घर सोडल्यास, नवा भाडेकरू येईपर्यंत किंवा दोन महिने, यांपैकी जे आधी होईल तेवढ्या काळाचं भाडं त्याने द्यावं. नवा भाडेकरू शोधण्याचा प्रयत्न मालक नोटीस मिळताच सुरू करेल. लॉक-इनच्या काळात मालकाने घर परत मागितल्यास तो भाडेकरूला दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम देईल. दोन्ही बाबतींत हिशेब करून उरलेलं डिपॉझिट किल्ल्या मिळतील त्याच दिवशी बँक खात्यात परत करावं.’